दुपारी दीड ते दोन

फोन काकींनी उचलला. आप्पा आंघोळीला गेले असतील असं समजून मी नेहमीसारखी सुरू झाले, "काकी, आप्पांना द्या की जरा, खालच्या बाजूची पानं पिवळट दिसायला लागलीत." पलीकडून फवारणीच्या ब्लोअरचा आवाज येत होता. काकी क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सूनबाई, राग मानू नको. सकाळपासनं तुझा हा तिसरा फोन हाय. फोन वाजला की ते ट्रॅक्टर थांबवत्यात, हातमोजं काढत्यात, तुझ्याशी बोलत्यात. काल तसंच झालं आन् परत निघताना कुठली ओळ झाली, कुठली राहिली, त्याचा मेळच लागला नाही. दोन ओळी कोऱ्या राहिल्या."

मी फोन ठेवला आणि बांधावरच बसले. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, सकाळी दव पडत होतं, आणि अशा दिवसांत औषधाविना राहिलेल्या दोन ओळी म्हणजे काय, हे एवढ्या दिवसांत मलाही कळायला लागलं होतं. द्राक्षावरचा डाऊनी हा बुरशीचा रोग आधी अशाच ओळीत शिरतो आणि तिथून सगळ्या बागेत जातो. माझी बाग वाचवायच्या नादात मी आप्पांची बाग धोक्यात घातली होती.

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, सव्वा एकर, माणिक चमन जातीची, डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली. झाडं बाराशेच्या आसपास. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, ती लहान लेकरासारखी सांभाळली. 2019 च्या परतीच्या पावसात फुलोऱ्यातले घड कुजून गेले, तरी त्यांनी कुऱ्हाड लावली नाही. पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. सगळं त्यांना कळतं, बागेत खुर्चीवर बसवलं की डोळ्यांनी झाड न् झाड तपासतात, पण सांगता येत नाही. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर. बाग माझ्याकडे आली तेव्हा मला काडी बांधता येत होती, थिनिंग, म्हणजे घडाची विरळणी, येत होतं. निर्णय घेता येत नव्हते. आप्पा हे मामांचे जुने स्नेही, शेजारच्या गावचे, सहा एकर बाग, त्यातली तीन एकर थॉम्पसन निर्यातीची. "कायबी अडलं तर फोन कर," असं त्यांनी मामांच्या खाटेजवळ बसून मला सांगितलं होतं. मी ते अगदी शब्दशः घेतलं.

काकींच्या त्या बोलण्यानंतर हंगामभर मी आप्पांना फोन केला नाही. कधी दुकानदाराला, कधी शेजाऱ्याला विचारून बाग काढली. माल निघाला, पण एकसारखा नव्हता. उन्हाळ्यात जरा निवांत झाल्यावर एके रात्री वही घेऊन बसले. ऑक्टोबरातल्या छाटणीपासून काकींच्या फोनपर्यंतचे, तीन आठवड्यांतले आप्पांना केलेले कॉल मोबाइलमध्ये अजून होते. मोजले तर 34 निघाले. प्रत्येकासमोर, आठवलं तसं, काय विचारलं होतं ते लिहीत गेले.

पाच फोन कशासाठी केले ते आठवेना. बारा फोन औषधाचं प्रमाण, कशात काय मिसळायचं, काढणीआधी किती दिवस थांबायचं याचे होते. म्हणजे बाटलीच्या लेबलवर आणि सोबतच्या घडीपत्रकात छापलेलं मी आप्पांना विचारत होते, केवळ ते बारीक अक्षर वाचायचा कंटाळा म्हणून. सात फोन मजुरीचा दर, कुठली टोळी रिकामी आहे, कुठल्या दुकानात काय भाव, असे. सहा फोन नुसत्या भीतीचे: "असं दिसतंय, काही होणार नाही ना?" त्याला फोनवर कोण काय उत्तर देणार? आणि उरलेले चार. छाट कुठल्या डोळ्यावर घ्यायची, जीए हे संजीवक कधी मारायचं, झाडाला घड किती ठेवायचे, आणि एका कोपऱ्यातली काडी मागं का राहिली. हे चार प्रश्न खरोखर आप्पांचे होते. चाळीस वर्षं बाग बघितलेल्या माणसाशिवाय त्यांची उत्तरं कुणाजवळ नव्हती, आणि उरलेल्या तीस फोनांत मी हे चारही घाईघाईत उरकले होते.

आमच्या भागात एकरी फी घेऊन हंगामभर बागेला भेटी देणारे सल्लागार आहेत, आणि त्यांच्यातले कितीतरी जण चांगले आहेत. दर आठवड्याला कुणी येऊन पान उलटून बघावं अशी गरज असेल, तर सरळ फी द्यावी असंच मी सांगेन. ते त्यांचं काम आहे, त्यांचा वेळ त्यांनी त्यासाठीच ठेवलेला असतो. आप्पांकडून मला वेगळं हवं होतं. फवारणीचं वेळापत्रक कुठूनही मिळालं असतं. मला त्यांची नजर हवी होती, झाडाकडे बघून ते जे ठरवतात ते कसं ठरवतात ते. आणि नजर एका भेटीत येत नाही. म्हणून नियमित मागायचं होतं, पण पुन्हा कुठली ओळ कोरी राहू नये अशा बेतानं.

सप्टेंबरात बाजाराच्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्या दिवशी मजूर नसतात, बागेत गडबड नसते. सोबत फुलस्केपचा एक कागद नेला होता. तोंडी मागितलं असतं तर मी पुन्हा "अधूनमधून सांगत जा" असं म्हणाले असते, आणि त्या "अधूनमधून"नंच मागच्या साली घात केला होता. कागदावर लिहिलं होतं: हा एकच हंगाम. दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास मी तुमच्याकडे येईन. तुम्ही माझ्या बागेत दोनदाच यायचं, घड विरळणीला आणि घड संजीवकात बुडवायच्या डिपिंगच्या आधी, आणायला-सोडायला गाडी माझी. मधल्या दिवसांत फोन नाही. जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही.

आप्पांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला. मग खिशातलं पेन काढून रविवारची ओळ खोडली. "वेलीला रविवार कळत नाही, पोरी. छाटणीपासनं कितवा दिवस हाय, तेवढंच तिला कळतं."

त्या दिवशीचं त्यांचं बोलणं ऐकताना मला कळलं की मी काय मागायचं हे ठरवलं होतं, पण कुठल्या मापानं मागायचं ते नाही. फळछाटणीनंतर साधारण नवव्या-दहाव्या दिवशी डोळे फुटतात. अठरा-वीस दिवसांत पाच पानं होतात, पस्तीस-चाळीस दिवसांत फुलोरा, पन्नासाच्या आसपास मणी धरतात, ऐंशीच्या आगेमागे मण्यात पाणी उतरायला लागतं. थंडी-उन्हाप्रमाणे दोन-चार दिवस इकडेतिकडे. या प्रवासात काही आठवड्यांत ठरवण्यासारखं काहीच नसतं, आणि काही वेळा तीन दिवसांत दोन निर्णय येतात. दर रविवारी मी गेले असते तर रिकाम्या आठवड्यात त्यांचा अर्धा तास खाल्ला असता आणि अडीनडीच्या वेळी रविवार लांब असता.

म्हणून आठवड्यांऐवजी पाच थांबे ठरले. छाटणीच्या आधी काड्यांच्या तपासणीचा अहवाल घेऊन. पाच पानांवर. फुलोऱ्याच्या तोंडावर. मणी धरल्यावर, विरळणी आणि डिपिंगसाठी. आणि पाणी उतरताना. त्यातल्या दोन वेळा ते येणार, तीन वेळा मी जाणार.

दुसरी दुरुस्ती वेळेची. मी संध्याकाळ लिहिली होती, कारण ती मला सोयीची. "सकाळी सात ते दहा आन् संध्याकाळी पाचनंतर माझा ब्लोअर चालतो," ते म्हणाले. "उन्हात फवारत नाही. दुपारी जेवण झालं की दीड ते दोन मी पडवीत पडून असतो. झोप काय येत नाही. तेवढ्यात विचार." मागच्या साली माझे जवळजवळ सगळे फोन सकाळी सात ते नऊमधले होते. मी माझ्या बागेत तेव्हा फिरायची, शंका तेव्हा यायची, म्हणून तेव्हाच विचारायची. सकाळी आलेली शंका दुपारी दीडपर्यंत धरून ठेवायला लागल्यापासून एक गोष्ट घडली: निम्म्या शंका साडेबारापर्यंत आपोआप सुटायच्या. लेबल वाचलं जायचं, दुसऱ्यांदा पान बघितलं जायचं, कृषी सहायकाला विचारलं जायचं.

तिसरी गोष्ट मी मागितलीच नव्हती, त्यांनी आपणहून सुचवली, आणि तीच सगळ्यात उपयोगी पडली. "माझी थॉम्पसन छाटून झाली की आठ दिवसांनी तू छाट." मला आधी वाटलं मजुरांच्या सोयीसाठी सांगतात. कारण वेगळं होतं. माझी बाग त्यांच्या आठ दिवस मागे राहिली की त्यांच्या बागेत आज जे आहे ते माझ्याकडे पुढच्या आठवड्यात येणार. विचारायच्या आधी मी त्यांच्या बांधावरून चालत जाऊन बघू शकते. जात वेगळी असल्यानं अगदी तसंच दिसणार नाही, पण अवस्था ओळखता येते. आणि माझा प्रश्न येईल तेव्हा त्यांचं ते काम नुकतंच उरकलेलं असेल. हात मोकळे आणि आठवण ताजी. एकाच दिवशी छाटलं असतं तर माझी डिपिंगची शंका बरोबर त्यांच्या डिपिंगच्या दिवशी आली असती. आठ दिवसांनी पाऊसपाण्याचं आणि बाजाराचं गणित थोडं बदलतं, हे त्यांनी सांगितलं. पण त्याहून जास्त मागं जाऊ नकोस, असंही बजावलं.

त्यांनी 6 ऑक्टोबरला छाटणी धरली, मी 14 ला. पहिला थांबा छाटणीआधीचा. मी काड्या तपासून आणल्या होत्या; कितव्या डोळ्यात सूक्ष्म घड आहे ते प्रयोगशाळेतून लिहून मिळतं. मागच्या साली हा कागद मी आप्पांना फोनवर वाचून दाखवला होता आणि त्यांनी "मला बघायला लागंल" म्हणून सोडून दिलं होतं. या वेळी कागद आणि त्याच झाडांच्या चार काड्या घेऊन गेले. त्यांनी सबकेनच्या, म्हणजे काडीचा शेंडा मारल्यावर फुटलेल्या पुढच्या काडीच्या, गाठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कागद काय म्हणतो?" कागदात गाठीच्या पुढच्या डोळ्यात घड जास्त होते. "मग तू कुठं छाटशील?" मी म्हटलं, गाठीपुढं एक डोळा ठेवून. त्यांनी मान हलवली. पंधरा मिनिटांत उठले. सगळी बाग एकाच मापानं न छाटता, जिथं सबकेन नाही तिथल्या सरळ काड्यांचं काय, हे मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं, कारण ते मला विचारायलाही सुचलं नव्हतं.

मधल्या दिवसांसाठी आम्ही व्हॉट्सॲपवर एका निरोपाची मोकळीक ठेवली, फक्त खरंच अडलं तर. आधी मी चार-चार मिनिटांचे आवाजी निरोप पाठवायची. त्यात मामांच्या तब्येतीपासून लाइट कधी येते तिथवर सगळं असायचं. आप्पांनी ते कधीच पूर्ण ऐकले नसणार. आता लिहून पाठवते, आणि दर वेळी त्याच क्रमानं: जात, कितवा दिवस, अवस्था, गेल्या तीन दिवसांतलं हवामान, शेवटची फवारणी, मला काय दिसतंय, आणि मी काय करायचं ठरवलंय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "काय करू?" असं विचारलं की त्यांना माझी बाग डोक्यात उभी करून पहिल्यापासून विचार करावा लागतो. "मी असं करणार आहे, चुकत असेल तर थांबवा" असं लिहिलं की त्यांना फक्त माझं चुकलेलं हुडकायचं असतं. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा एका शब्दाचं येतं. "व्हय." किंवा "थांब."

27 व्या दिवसाचा निरोप अजून माझ्याकडे आहे.

"माणिक चमन. 27 वा दिवस, घड सुटे व्हायला लागलेत, फुलोरा अजून नाही. चार दिवसांपूर्वी दोन संध्याकाळी पाऊस. पावसाआधी मॅन्कोझेब, नंतर अजून काही नाही. पाटाकडच्या तीन ओळींत सहा पानांवर वरून फिक्कट पिवळे डाग. खालून काही दिसत नाही. डाऊनी समजून आज संध्याकाळी आंतरप्रवाही औषध मारायचं ठरवलंय."

सोबत दोन फोटो जोडले होते, एक पानाचा वरून, एक खालून, सकाळच्या उजेडात. मागच्या साली मी झाडाचाच फोटो लांबून पाठवायची. त्यात हिरव्या रंगापलीकडे काही कळत नसे.

उत्तर दीड वाजून दहा मिनिटांनी आलं. "सहा पानं तोड. पिशवीत ओला कापूस घालून तोंड बांध. घरात ठेव. सकाळी बघ. फवारणीची तयारी करून ठेव."

तसंच केलं. पारदर्शक पिशवीत पानं, ओल्या कापसाचा बोळा, तोंडाला रबर. रात्री मामांच्या खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवली. पहाटे पाचला उठून बॅटरीच्या उजेडात पानं उलटी केली. चार पानांवर, बरोबर त्या पिवळ्या डागांच्या खाली, बारीक पांढरी लव आली होती, भिजल्या मिठासारखी. दोन पानं स्वच्छ होती, ती नुसतीच करपलेली. डाऊनीची बुरशी ओलावा मिळाला की रात्रीतून पानाच्या खालच्या बाजूनं बाहेर येते. दुसऱ्या कशामुळे पान पिवळं पडलं असेल तर कितीही ओलं ठेवा, ही लव येत नाही. पिशवी मी मामांसमोर धरली. त्यांनी बघितलं, डोळे मिटले आणि डावा हात पाटाच्या दिशेनं उचलला. तिकडूनच आलंय, असं त्यांना सांगायचं होतं.

त्या सकाळी आप्पांना फोन करायची गरजच उरली नव्हती. आंतरप्रवाही औषध आणि जोडीला मॅन्कोझेब, लेबलवरच्या मापानं, आधी त्या तीन ओळी आणि मग सगळी बाग. डाग असलेली पानं तोडून बागेबाहेर पुरली, पाटाकडची दाट फूट विरळ केली, म्हणजे हवा खेळेल. दहा दिवस रोज पिशवी लावली. नव्या डागांवर लव आली नाही. फुलोरा कोरडा गेला. आप्पांनी मला औषधाचं नाव सांगितलंच नव्हतं. त्यांनी एक कसोटी हातात दिली होती, आणि त्या एका ओळीनं माझे पुढचे कितीतरी फोन वाचले. तेव्हापासून थांब्यावर बसले की मी हेच विचारते: हे मला माझं मला कसं कळेल?

पण त्याच हंगामात मी उलट्या बाजूलाही चुकले, आणि ती चूक जास्त महाग पडली.

पाच पानांचा थांबा 20 व्या दिवशी ठरला होता. नेमकं त्या दिवशी आप्पांच्या घरी पाहुणे होते, आणि आदल्याच दिवशी मी त्यांना पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटण्यासाठी काडीला लावायची पेस्ट, एका भागात उशिरा झाल्याबद्दल निरोप पाठवला होता. मनात आलं, आता लगेच परत नको, जीए तर मागच्या सालीही मारलं होतं. 100 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम, माप माहीत होतं. पुडी आधी स्पिरिटमध्ये विरघळवली, टाकीत घातली, संध्याकाळी फवारलं. थांबा मी परस्पर रद्द केला आणि त्यांना नंतर दोन ओळींत कळवलं.

मणी धरल्यावर विरळणीसाठी आप्पा बागेत आले. पहिल्याच झाडाखाली उभे राहून त्यांनी घड तळहातावर घेतला आणि दाबून बघितला. घड आखूड होता, पाकळ्या, म्हणजे घडाच्या बारीक फांद्या, एकमेकींना चिकटून. या अवस्थेतलं जीए घडाचा दांडा लांब करण्यासाठीच असतं. दांडा लांबला की मण्यांना जागा मिळते. "पाण्याचा सामू किती केला होतास?" त्यांनी विचारलं. मी बघितलाच नव्हता. आमच्या बोअरचं पाणी जड, सामू आठच्या आसपास. जीएला आम्लधर्मी पाणी लागतं, साडेपाच-सहापर्यंत आणावं लागतं. माझं माप बरोबर होतं, पाणी चुकलं होतं. मागच्या साली त्यांनी ते सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही; 34 फोनांत हरवलं असेल.

त्या आखूड घडांमुळे थिनिंगचं काम वाढलं. बायकांना एकेका घडात कात्री घालायला दुपटीहून जास्त वेळ लागत होता. दोन दिवसांत उरकायचं काम पाच दिवस चाललं, आणि वरच्या तीन दिवसांची मजुरी माझ्या अंगावर आली.

आप्पा रागावले. आवाज चढवला नाही, पण बांधावर उकिडवे बसून म्हणाले, "पाहुणे होते म्हणून आली नाहीस? अगं, हे विचारायचं होतं. डाऊनीचं औषध चुकलं तर चार दिवसांनी दुसरं मारता येतं. छाट चुकली, पेस्ट चुकली, जीए चुकलं, तर वरीस गेलं. जे मागं फिरवता येत नाही त्याच्यासाठी मला रात्री उठवलं तरी चालंल."

माझ्या कागदावर प्रश्नांची वाटणी मी त्यांच्या वेळेप्रमाणे केली होती. त्यांनी ती चूक झाली तर काय होईल त्याप्रमाणे केली. फवारणी, पाणी, खताचा हप्ता, यात थोडं इकडेतिकडे झालं तर पुढच्या आठवड्यात सावरता येतं. ते मी माझ्या अंदाजानं करायचं आणि थांब्याला गेले की सांगायचं. छाटणी, पेस्टिंग, जीए, घडांची संख्या, डिपिंग, या पाचांच्या आदल्या दिवशी मात्र निरोप गेलाच पाहिजे, त्यांच्या घरी लग्न असलं तरी. हे लिहून मी कागद गोठ्याच्या भिंतीला लावला. संकोचानं गप्प राहणं हे मला त्यांच्या वेळेची कदर वाटत होतं. खरं तर त्यांचा वेळ मी वाया घालवला होता, कारण पाच दिवसांच्या थिनिंगमध्ये ते दोनदा येऊन गेले.

पैशांचं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. त्यांनी ते उडवून लावलं, मामांचं नाव काढून. पण नुसतं घेत राहणं मला जड जात होतं. डिसेंबरात त्यांच्या पडवीत बसले असताना फवारणीची नोंदवही दिसली. निर्यातीच्या बागेला ती काटेकोर ठेवावी लागते: तारीख, औषध, त्यातला घटक, प्रमाण, कशासाठी, काढणीपूर्व किती दिवस. ग्रेपनेट या निर्यातीच्या नोंदणी प्रणालीवर बाग नोंदलेली असते आणि माल जाण्याआधी औषधांचे अंश तपासले जातात. आप्पांनी सगळं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं आणि वहीत उतरवणं राहिलं होतं. मी बारावीला विज्ञान शाखेत होते, घटकांची नावं मला वाचता येतात. वही घरी घेऊन आले, दोन रात्रींत उतरवून दिली, आणि तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी ते काम माझं. यात माझाही फायदा झाला. त्यांनी कितव्या दिवशी काय मारलं, आणि मुख्य म्हणजे कधी काहीच मारलं नाही, हे मला कुठलाही प्रश्न न विचारता दिसायला लागलं.

आणखी एक सवय मी लावून घेतली, ती काकींच्या एका वाक्यामुळं. त्या म्हणाल्या होत्या, "विचारून जाणारे लई येत्यात. काय झालं ते सांगायला कोण येत नाही." मग प्रत्येक सल्ल्यानंतर आठ-दहा दिवसांनी दोन ओळी पाठवायला लागले: तुम्ही सांगितलं ते केलं, असं झालं. नाही केलं तर का नाही केलं, तेही. डिपिंगला त्यांनी सांगितलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी मी मणी मोजले, आणि त्यांच्या अंदाजापेक्षा माझे मणी पुढे होते. मी त्यांना कळवून लवकर डिपिंग केलं. त्यांच्या काळ्या रानात पाणी धरून राहतं, माझं रान मुरमाड; तापतं लवकर, सुकतंही लवकर. त्यांनी नंतर येऊन बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या रानाचं तुला जास्त कळणार." त्यांचा सल्ला त्यांच्या मातीतून आलेला असतो, तो माझ्या मातीत उतरवताना किती हलवायचा, हे मलाच बघावं लागतं.

त्या हंगामात 14 ऑक्टोबरपासून काढणीपर्यंत मी आप्पांना थांब्यांशिवाय नऊ निरोप पाठवले आणि एक फोन केला, गारांची भीती होती त्या रात्री. हे सगळं वहीत आहे. काढणी झाल्यावर कागद परत घेऊन गेले, कारण त्यावर एकच हंगाम लिहिलं होतं आणि तो संपला होता. पुढं चालू ठेवायचं का, हे पुन्हा विचारायचं होतं. नाही म्हणायला त्यांना जागा हवी. आप्पांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हातानं चार थांबे लिहिले. फुलोऱ्याचा आणि पाणी उतरण्याचा त्यांनी गाळला होता. "ते तुला येतंय." त्याऐवजी एप्रिलची खरड छाटणी घातली, कारण पुढच्या सालचा घड काडीत तेव्हाच तयार होतो, आणि ते मी त्यांना आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून बागेत येणं बंद. डिपिंगआधीच्या भेटीऐवजी मी प्रत्येक ओळीतला एक घड तोडून परडीत घालून पडवीत नेणार आहे, ओळींचे क्रमांक दोऱ्यानं बांधून. काड्यांचा अहवाल काल आला. उद्या बाजार आहे, दुपारी दीडला जाईन.